दिवसा प्यायचं पाणी

मुलाने डायपरचं पाकीट आणून माझ्या पलंगाखाली ठेवलं, त्या दिवसापासून मी त्याच्याशी नीट बोलत नव्हते. त्याचं चुकलं होतं असंही नाही. रात्री तीन-चार वेळा उठून भिंत चाचपडत बाथरूमला जाणारी बहात्तर वर्षांची बाई पडली, खुबा मोडला, तर करायचं काय, ही त्याची काळजी. पण मी पायांनी चालत होते, मला सगळं कळत होतं. पाकीट तसंच राहिलं.

मग मी उपाय शोधला, पाणी तोडायचा. दुपारपासून घोटसुद्धा नाही. सून म्हणायची, आई, ओठ सुकलेत तुमचे. मी ऐकलं नाही. आठवडाभरात लघवी गडद पिवळी झाली, जळजळायला लागली, उभं राहिलं की चक्कर. आणि रात्रीचं उठणं होतं तसंच. उलट उठायचं घाईने आणि व्हायची चमचाभर.

मुलुंडला आमच्या घराजवळच दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या सुनेपेक्षाही लहान. त्यांनी लघवी आणि साखर तपासायला पाठवली. साखर ठीक निघाली. लघवीत जंतू होते, त्याच्या गोळ्या दिल्या. मग विचारलं, पाणी पिता कधी?

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला तीस वर्षं मागे जावं लागलं. घाटकोपरला साड्यांच्या दुकानात मी काउंटरवर उभी असायचे. दुकानात बायकांसाठी मोरी नव्हती. सकाळी चहा घेऊन निघायचं ते रात्री घरी येईपर्यंत कोरडं. घरी आलं की तांब्याभर पाणी गटागटा. नोकरी सुटली, सवय नाही सुटली. पाणी तोडेपर्यंत दिवसाचं सगळं पाणी मी रात्रीच्या जेवणानंतरच पीत होते.

बाई म्हणाल्या, "पाणी कमी करायचं नाहीये आजी, वेळ बदलायचीय. तेवढंच पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं प्या. जेवताना अर्धा पेला, नंतर गोळीपुरता घोट. चहा चारनंतर नको."

माझ्या घोट्यांवर त्यांनी बोट दाबलं, खळगा राहिला. दिवसभर पायात साठतं ते पाणी आडवं झालं की वर चढतं आणि रात्री लघवीवाटे निघतं, म्हणून दुपारी पाय उशीवर ठेवून पडायला सांगितलं. रक्तदाबाची, लघवी जास्त करणारी गोळी मी रात्री घ्यायचे, ती त्यांनी सकाळी घ्यायला लावली. आणि या वयात रात्री एकदा उठावं लागलं तर तो आजार नाही, असंही म्हणाल्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असता तर पाण्याचा हिशेब वेगळा असता, तो मला नव्हता.

सगळं पटलं. अडलं एका ठिकाणी. दिवसा पाणी प्यायचं तर दिवसा जायला जागा हवी.

दुपारी पाय वर करून झाले की मी सोसायटीच्या बागेत मैत्रिणींबरोबर बसते. घर सातव्या मजल्यावर, लिफ्ट सारखी बंद. तळमजल्याला शौचालय आहे, पण त्याला कुलूप. चावी सेक्रेटरींकडे. बाहेरचे लोक घाण करतात, हे त्यांचं उत्तर. मी मैत्रिणींना विचारलं तर कळलं, एकही जण घरून पाणी पिऊन खाली येत नव्हती.

सोसायटीच्या सभेला मी पाण्याची बाटली घेऊन गेले. माझी पाळी आली तेव्हा उभी राहिले आणि एक पेलाभर पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. माझ्याबरोबर आलेल्या मुलाने मान खाली घातली.

"तुम्हाला आता थोड्या वेळाने मला सांगायचंय, मी कुठे जाऊ," मी म्हणाले. "दुकानात मालकाने मला हे कधी सांगितलं नाही. तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही."

सेक्रेटरी म्हणाले, आजी, हा विषय आजच्या सभेच्या यादीत नाहीये. मी म्हटलं, माझ्या यादीत आहे. माझ्या बाजूची एक मैत्रीण उठली, मग तिच्या बाजूची. अशा विषयावर चारचौघांत बोलतात का, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. मी मागे वळून त्यांच्याकडे बघत राहिले. आमच्यातल्या एकीने सरळ चावीसाठी हात पुढे केला.

चावी मिळाली, पण लगेच नाही. आधी दोन आठवडे टाळाटाळ झाली, मग वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगली गेली. आतला दिवा आम्ही बायकांनी मागून मागून लावून घेतला.

रात्री मी आता बहुतेक वेळा एकदा उठते, कधी दोनदा. बाथरूमच्या वाटेवर मुलाने छोटा दिवा लावलाय. तो मला आवडला, तसं मी त्याला सांगितलंही. डायपरचं पाकीट मात्र मी स्वतः उचलून, ज्या शेजारणीला खरंच गरज होती तिच्या हातात दिलं. तिला त्याची लाज वाटत होती. मी म्हटलं, लाज कसली, तुला लागतं ते तू वापर. मला जे लागतं ते मी मागून घेतलं.