पहिलं उत्तर

आक्कानं सही केली ती माझ्या वाचून दाखवण्यावर, आणि मी तिला तिसरं उत्तर वाचून दाखवलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आमचे वडील, आण्णा, गेल्यावर मलकापूरजवळच्या शेताच्या उताऱ्यावर आम्हा दोघा बहीण-भावांची नावं लागली. आमच्याकडे अशा वेळी बहिणीला साडीचोळी करतात आणि तिच्याकडून हक्कसोड पत्र करून घेतात. बहीण नाही म्हणत नाही. म्हटलं तर माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

आक्का शिराळ्याहून राखीला आली होती. तिच्या फोनवर तिच्या मुलीनं ते प्रश्न विचारायचं ॲप घालून दिलं होतं. जेवण झाल्यावर आक्का म्हणाली की सही करीन, पण आधी त्याला विचारून बघ. चष्मा ती घरी विसरून आली होती. फोन माझ्या हातात दिला आणि ती ताटं उचलायला लागली.

मी सरळपणे लिहिलं की बहीण हक्कसोड पत्र करणार आहे, तिला सोप्या भाषेत समजावून सांग. उत्तर आलं. तुमचा हिस्सा भावाइतकाच आहे. नोंदणी झाल्यावर तो परत मिळवणं फार अवघड असतं. सही करायलाच हवी असं नाही. घाई करू नका, स्वतःचा वेगळा वकील गाठा.

आक्का आत भांडी विसळत होती. उत्तराखाली गोल बाणाची खूण होती, ती दाबली की तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. मी दाबली. दुसरं उत्तर शब्द बदलून तेच म्हणालं, वर बहिणीची स्वतःची इच्छा आहे का असंही विचारलं. मी पुन्हा दाबली. तिसऱ्या वेळी आलं ते थोडक्यात होतं. हक्कसोड पत्र म्हणजे काय, ते कुठं नोंदवतात, आणि शेवटी शंका असल्यास सल्ला घ्यावा, एवढंच.

आक्का हात पुसत येऊन बसली. मी ते मोठ्यानं वाचलं. शेवटचं वाक्य गाळलं.

"धोका काय न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

"त्यात तर काय लिवलं न्हाई."

"तू वाचलंस न्हवं? मग झालं."

मग त्याच्याच खाली मी कागदपत्रं कोणती लागतात ते विचारलं, आणि आलेली यादी घेऊन दोन दिवसांनी आम्ही कराडला निबंधकाच्या कचेरीत गेलो. फोटो काढताना तिनं नवी साडी नीट केली.

मी शाळेत कारकून होतो. दाखला चुकला की फाडायचा, नवा लिहायचा. चुकलेला केराच्या टोपलीत. फोनमध्येही तसंच असेल असं मी धरून चाललो. नवं उत्तर आलं म्हणजे जुनं गेलं.

गेल्या वर्षी दाजी वारले. आक्काची मुलगी लेकरू घेऊन माहेरी परत आली आणि दिरांनी आक्काला घर सोडा म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे आली. आपल्या शेताच्या कडेला दोन खोल्यांपुरती जागा दे, म्हणाली. मी म्हटलं, बघू. देता आली असती. पोरांना काय सांगू, बायकोला काय सांगू, असं म्हणत मी दिली नाही.

तिला माझा राग आला नाही. फोन पुढं करून म्हणाली, "तवा यानं सांगितलं हुतं, ते परत बघ रं. कायतरी वाट असंल."

जुनी बोलणी चाळत मी ते काढलं. तिसरं उत्तर तिथंच होतं, खाली कागदपत्रांची यादी. उत्तराखाली बारीक अक्षरांत 3/3 लिहिलेलं होतं, दोन्ही बाजूंना बाण. मी डावीकडचा बाण दोनदा दाबला.

पहिलं उत्तर जसंच्या तसं उभं होतं. घाई करू नका. यादी दिसेनाशी झाली. ती तिसऱ्या उत्तरालाच जोडलेली होती. पहिल्याखाली कोरी जागा होती, तिथून पुढं कुणी काही विचारलंच नव्हतं.

आक्का शेजारी बसली होती. या खेपेला चष्मा होता, पण तो कपाळावर सरकवलेला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी उजवीकडचा बाण दोनदा दाबला. यादी परत आली. "काय न्हाई आक्का, हाय तेच हाय," म्हटलं आणि फोन तिच्या हातात दिला.

ती आता मुलीबरोबर इस्लामपुरात एका भाड्याच्या खोलीत राहते. फोन तिच्याकडेच आहे, पदराच्या गाठीत असावा तसा जपून. त्या बाणाला दोनदा बोट लावलं तर तिला कळेल. ती लावणार नाही. मी वाचलंय ना.

मी तिचं अर्धं शेत देणं लागतो. आणि त्याआधी, तिच्याशेजारी बसून पहिलं उत्तर शेवटपर्यंत वाचून दाखवायचं देणं लागतो. दोन्ही अजून दिलेलं नाही.