पहिली तारीख आणि मुखरूभाऊंचा किस्सा

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे गाद्या भरणारा नूरुद्दीन हा माणूस मूळचाच मऊ. कापसात राहून माणूस मऊ होतो की मऊ माणसालाच कापूस आवडतो, हे त्याची बायको कमरजहाँ हिला वीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. कुणी आवाज चढवला की नूरुद्दीन आधी "बरोबर आहे भाऊ" म्हणायचा आणि मग काय बरोबर आहे ते विचारायचा.

त्याचे घरमालक मुखरूभाऊ याच्या अगदी उलट. वैनगंगेकाठी त्यांची धानाची शेती होती आणि ब्रह्मपुरीत दोन गाळ्यांची मालकी, त्यातल्याच एकात नूरुद्दीनचं दुकान. पण खरी इस्टेट म्हणजे आवाज. करारात त्यांनी लिहवून घेतलं होतं: भाडं पहिल्या तारखेला, उशीर झाला तर पन्नास रुपये दंड, आणि वर्षात तीनदा दंड पडला तर दुकान रिकामं.

मागच्या पावसाळ्यात कापूस ओला, गिऱ्हाईक गायब, त्यात दोन दंड पडले. नूरुद्दीनने ते निमूट भरले. मग धसका घेऊन तो बँकेत गेला आणि लिहून दिलं, की दर एक तारखेला माझ्या खात्यातून भाडं उचला आणि मुखरूभाऊंच्या खात्यात टाका. दोघांची खाती एकाच शाखेत. त्या दिवसापासून तो पहिल्या तारखेला ढाराढूर झोपायला लागला.

आणि एप्रिल उजाडला. एक तारीख शनिवारी आली, बँक वार्षिक हिशेबासाठी बंद. दोन तारखेला रविवार. भाडं गेलं सोमवारी. मंगळवारी मुखरूभाऊ पासबुक नाचवत दुकानात हजर.

"नूरुद्दीन, तीन तारीख! काढ पन्नास."

"भाऊ, बँकच बंद होती. बँकेतल्या साहेबाले विचारून आलो. सुट्टी आली का पैसे दुसऱ्या उघड्या दिवशी जाते म्हणे. खात्यात पैसे होतेच ना माह्या."

"बँकेसंग माहा करार हाय का? तुह्यासंग हाय! बँक बंद राह्यते, भाडं बंद नाई राह्यत."

नूरुद्दीनच्या तोंडाशी "बरोबर आहे भाऊ" आलंच होतं. त्याने ते कसंबसं गिळलं. पन्नास रुपये गल्ल्यात होते, पण ते दिले की तिसरा दंड कबूल. लग्नसराई तोंडावर, चार नवरींच्या गाद्या अर्ध्या भरलेल्या, आणि दुकान रिकामं करायचं?

"नाई देत भाऊ," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

मुखरूभाऊ तर इतके चकित झाले की गादीवरच बसले. शेजारचा चहावाला दसरू कप घेऊन आला आणि भांडण बघायला तिथेच रेंगाळला. तेवढ्यात मागच्या पडद्याआडून कमरजहाँ म्हणाली, "भाऊ, चहा घ्या पहिले. अन् थो लाइट ऑफिसवाला किस्सा सांगा ना. दसरूभाऊनं आयकलाच नाई."

दसरूने तो इतक्यांदा ऐकला होता की झोपेत म्हणून दाखवला असता. पण कमरजहाँने डोळे वटारले तसा तो म्हणाला, "हो ना, कुठी आयकला!"

नूरुद्दीन मनातून चडफडला. इथी दुकान चाललं अन् हिले किस्से सुचून राह्यले!

मुखरूभाऊंना मात्र राहवेना. घसा खाकरून ते सुरू झाले. "दिवाळीच्या वक्ताची गोष्ट. बिलाची आखरी तारीख, अन् ऑफिसले कुलूप! सुट्टी! दुसऱ्या दिवशी गेलो, तं बाबू म्हणते, दंड भरा. म्या टेबलावर हात हाणला! पेन उडाला त्याचा! म्हटलं, बाबू, म्या पैसे घेऊन उभा होतो, दरवाजा तुमचा बंद होता. बंद दरवाजाचा दंड उभ्या माणसानं काऊन भरा…"

आणि हात वर तसाच राहिला.

दसरूने चहाच्या कपात नजर बुडवली.

मुखरूभाऊंनी वरचा हात हळूच डोक्यावर आणला आणि खाजवायला लागले. "मंग त्या बाबूनं बिल घेतलं," ते बारीक आवाजात म्हणाले. "बिना दंडाचं."

"घेतलंच पायजे होतं भाऊ," नूरुद्दीन म्हणाला. "बरोबर हाय तुमचं." जन्मात प्रथमच त्याला हे वाक्य बोलायला एवढी मजा आली.

"तू चूप बस!" मुखरूभाऊ गरजले, पण आता पासबुक खिशात गेलं होतं. "कमरजहाँबाई, करार आना! लिहा त्याच्यात, बँक बंद असन तं दुसऱ्या उघड्या दिवशी. नाई तं हा उद्या लोकांले सांगन का मुखरू त्या बाबूवानी हाय!"

लिहून झालं, दोघांच्या सह्या झाल्या. मुखरूभाऊ बसकडे निघाले. त्यांची पाठ वळताच नूरुद्दीनने अर्ध्या भरलेल्या गादीवर अंग टाकलं आणि असा सुस्कारा सोडला की कापसाचा एक पुंजका उडून दसरूच्या चहात पडला.

पुढच्या महिन्यापासून किस्सा लांबला. आता त्यात दुसरा अंक आहे: एक दिलदार घरमालक गरीब गादीवाल्याचा दंड स्वतःहून कसा माफ करतो. मुखरूभाऊ तो नूरुद्दीनच्याच दुकानात बसून सांगतात. दसरू हो-हो म्हणतो, आणि चहाचे पैसे नूरुद्दीन देतो. वेळेवर.