थंड डब्यातली बंडी

माझा स्वभाव तापट. सासरी आले तेव्हाच बालाघाटच्या बायांनी हे ओळखलं होतं. पण त्या उन्हाळ्यात मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची चीड मला अजून येते.

धाकटी नणंद एकोणीस वर्षांची होती. लहानपणच्या सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली. याच दुखण्याने दोन वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण गेली होती. आता मद्रासकडच्या मोठ्या दवाखान्यात धाकटीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. बिछाना धरून ठेवायला माझे मालक कपड्यांची पेटी घेऊन आधीच पुढे गेलेले. तिला घेऊन जायची मी.

आमच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं, "मे महिन्याच्या उन्हात हिला धाप लागेल. नागपुराहून थंड डब्यातच बसवा. पण सर्दी होऊ देऊ नका. छाती भरली तर तिकडचे डॉक्टर टेबलावर घेणार नाहीत, आणि पुन्हा तारीख कधी मिळेल सांगता येत नाही."

थंड डबा आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. गावातल्या मिलमधले एक मुनीम एकदा त्यातून जाऊन आले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाई, बाहेर भट्टी अन् आत माघ महिना. हातपाय आखडतात."

सामान कमीच घ्यायचं होतं. छोट्या गाडीने गोंदिया, तिथून नागपूर, मग ती थंड डब्याची गाडी. प्रत्येक ठिकाणी नणंदेला धरून चढवायचं, म्हणजे माझा एक हात तिचाच. सासूबाईंनी रजई काढली. मी म्हटलं, "आई, ही उचलू की पोरीले उचलू?" भर मे महिन्यात बालाघाटात लोकर कुठून मिळणार? लोकरवाले थंडीतच येतात. शेवटी घरातलंच पातळ पातळ निवडलं: पूर्ण बाह्यांची दोन सुती पोलकी, कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, जुनी चादर, लोकरी मोजे, कानाला रुमाल. कोसा पातळ असतो, पण ऊब धरून ठेवतो. गाडीत शिरलं की अंगातलं घामेजलं पोलकं बदलायचं, कोरडं घालायचं, वर कोसा. सगळं एका पिशवीत बसलं. मी खूश होते.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी तिला उंबऱ्यात उभं केलं, कुंकू लावलं, ओटी भरली. आणि दोन्ही पोलकी एकावर एक घातली, पायात मोजे चढवले, वरून कोसा गुंडाळला.

"आई, हे काय? आतापासून? उकडून मरन ते!"

"ओटी भरून निघालेल्या पोरीच्या अंगावरचं वाटेत काढत नाहीत. पोचल्यावर काढजो. मोठीले दवाखान्यात नेताना वाटेत काढलं होतं, म्हणून तं..." त्यांनी कोशाची गाठ आणखी घट्ट केली.

तिथेच मी भांडायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि जीभ आवरली.

नागपूरला पोचेपर्यंत पोरगी घामाने निथळली होती. मी तीनदा म्हटलं, "काढ ते." तीनदा ती म्हणाली, "नको वहिनी, आईनं सांगतलं हाये." दुपारी थंड गाडी आली. आम्ही शिरलो आणि मागे दार लागलं.

त्या डब्यातली शांतता मला आजही आठवते. गाडी पळत होती, पण आवाज असा नव्हताच. काचा दुहेरी, जाड. बाहेर ऊन पेटलेलं, रुळाकडेला माणसं तोंडं उघडून काहीतरी ओरडत होती आणि आत एक शब्द येत नव्हता. आतली माणसं घरून आणलेल्या पांढऱ्या चादरी डोक्यावरून घेऊन खुर्च्यांवर पडलेली. एकाचाही चेहरा दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, अगं बाई, हे कुठे येऊन बसलो आपण?

अर्ध्या तासात नणंद थरथरू लागली. हात लावून पाहिला तर दोन्ही पोलकी अंगाला चिकटलेली, ओली गार, पाण्यातून काढल्यासारखी. ओठ निळसर पडत होते. कोरडं काढावं तर पिशवीत एकही कपडा नव्हता. दोन्ही अंगावर, दोन्ही ओली. मला सासूबाईंचा असा राग आला म्हणून सांगू! आणि पाठोपाठ भीती.

नणंदेचे डोळे मिटलेले होते. ती हळूच म्हणाली, "वहिनी, ताईची बंडी काढ ना."

"कोणती बंडी?"

"पिशवीत, खाली. दशम्याच्या फडक्याखाली."

"तिचे कपडे दहाव्याला वैनगंगेत सोडले गं."

"ताईच सांगून राह्यली."

पिशवी मी भरली होती, माझ्या या हातांनी. तरी दशम्या बाजूला सारल्या, हात तळाशी घातला. लोकर लागली. तपकिरी, पातळ, पूर्ण बाह्यांची बंडी. काखेत निळ्या दोऱ्याने रफू केलेलं, आणि ते रफू माझंच होतं.

आधी हात मागे घेतला. मेलेल्या बाईचं वस्त्र ऑपरेशनला निघालेल्या पोरीच्या अंगावर? मग तिचे दात वाजताना ऐकले आणि म्हटलं, खड्ड्यात गेलं सगळं. तिला धरून संडासात नेलं, ओली पोलकी उतरवली, अंग टॉवेलने कोरडं केलं. बंडी थेट अंगाला, तिच्यावर कोसा, कोशाच्या दोन पदरांत छातीपाशी वर्तमानपत्राच्या घड्या, कानाला रुमाल. मोजे पिळून टाकले, पाय कोरड्या फडक्यात गुंडाळले आणि जमिनीवर न टेकवता पिशवीवर ठेवले.

थोड्या वेळाने ओठांचा रंग परत आला. ती झोपली. बाजूची खुर्ची मद्रासपर्यंत रिकामीच होती. झोपेत नणंद तिकडेच कलत होती, आणि कुणी खांद्याने टेकू द्यावा तशी अलगद थांबत होती. मी पाहत होते. खोटं कशाला सांगू, मी त्या खुर्चीवर पिशवीसुद्धा ठेवली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं. छाती स्वच्छ होती. ऑपरेशन झालं. महिन्याभराने पोरगी स्वतःच्या पायांनी घरी आली, जिना न थांबता चढली.

त्याच दिवशी मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बंडी तुम्हीच ठेवली होती ना?"

"हौ. नदीवर सगळं सोडलं, तेवढी लपवून ठेवली होती. तू आंघोळीले गेलती तवा तळाशी टाकली, सांगायची हिंमत नाही झाली. पोरगी झोपली होती, तिले काय माहीत." हातातलं भांडं त्यांनी खाली ठेवलं. "तिले कोणं सांगतलं?"

"ती म्हणाली, ताईनं सांगतलं."

मला वाटलं त्या घाबरतील. त्या घाबरल्या नाहीत. चुलीपाशी मटकन बसल्या.

"दोन वर्सं झोप नाही मले," त्या म्हणाल्या. "सारे कपडे तिच्यासंगं गेले, अन् तिची उबेची बंडी म्या ठेवून घेतली. तिकडे तिले थंडी वाजत असन म्हणून." मग माझा पदर धरून विचारलं, "सूनबाई, खरं सांग. गाडीत तिले थंडी वाजून राह्यली होती का?"

मी त्यांच्या जवळ बसले आणि म्हटलं, "नाही आई. दोघीही उबेत होत्या."