बियाण्याची माळ

मार्च संपत आला होता. रस्त्याकडेच्या मांडवात मी आणि माझे चुलत दीर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून बसलो होतो. आमची शेतं बांधाला बांध लागून. भात कापलं की त्याच जमिनीत दोघंही कांदा लावतो. आदल्या वर्षी भाव असा चढला होता, की यंदा मी वालाचं रानही कांद्याखाली घातलं. केवढं हे शहाणपण! आता जिकडे बघावं तिकडे माळा, आणि गाडीवाले काच खाली करून भाव विचारायचे नि पुढच्या मांडवाकडे निघायचे.

दीर उठले आणि मागच्या वाशाला टांगलेली स्वतःची बियाण्याची माळ पुढे घेऊन आले. बी धरायला आम्ही एकसारखे, घट्ट कांदे निवडून वेगळे बांधतो. माझी माळही तिथेच होती.

"भावोजी, ही पण विकायची?"

"व्हय. पुढं कांदा लावायचाच न्हाय. व्यापाऱ्यांनी भाव पाडला बगा."

"व्यापारी काय साधा न्हाय. पण यंदा तुमी वाफे किती वाढवलेत?"

ते माळ पुढच्या वाशाला टांगू लागले.

"मी वाल सोडला, पलीकडच्यांनी भाजी सोडली. सगल्यांनी गेल्या सालचा भाव बगितला, नि सगल्यांचा कांदा एकाच टायमाला निघाला. स्वस्त झाला म्हणून कोण भाकरीबरोबर चार कांदे खातो काय?"

"म्हणून तर सोडतो."

"सगलेच सोडतील. मग माल कमी, भाव वर. तवा तुमी बियाणं शोधत फिराल. तवा बियाण्याला ठेवलेला कांदा पावसानंतर लावणार, त्याचं बी उन्हाल्यात, त्याचं रोप त्याच्या फुडच्या थंडीत. तवर बाकीचे पण येऊन पोचतील, नि भाव परत आपटंल. मी ठरवलंय. वाल वालाच्या रानात. कांद्याचे वाफे दरसाल तेवढेच, भाव चढो की पडो."

हे मी त्यांना सांगत होते, पण राग माझाच मला आला होता.

तेवढ्यात एक गाडी थांबली. गाडीतल्या बाईंनी दिरांची ती माळ लगेच घेतली आणि माझ्या माळेकडे बोट केलं. "तीही द्या, दुप्पट देते." दिवसभरात माझ्या जेमतेम तीन माळा गेल्या होत्या. तरी म्हटलं, "ती विकायची नाही."

गाडी गेली. मांडव आवरताना दीर हळूच म्हणाले, "वहिनी, लागलंच तर मूठभर बी द्याल न्हवं?"

"देईन की," मी म्हटलं. "पण भाव चढल्यावर नको. पडलेला असंल, त्याच साली मागायला या."