समासातली पेन्सिल

आमच्या शेजारचे काका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि घरात ते एकटेच उरले. काकूंच्या माहेरची जुनी पुस्तकं हात लावताच तुटायची. म्हणून पुस्तक अर्धवट उघडून, दोन्ही बाजूंना उशा लावून, काका वरून कॅमेऱ्याने एकेक पान टिपत. मग कॉम्प्युटरवर पान सरळ करायचं, डाग काढायचे, फोटोतला छापील मजकूर टाइप होऊन यावा म्हणून अक्षरओळख चालवायची.

एकदा साफ केलेल्या पानाचा समास कोराकरकरीत दिसला. तिथल्या काकूंच्या फिकट पेन्सिलीच्या नोंदी प्रोग्रॅमने डाग समजून पुसल्या होत्या. काकांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, मूळ फोटो ठेवलेत ना? मग काही गेलं नाही. पण आईचं अक्षर प्रोग्रॅमला वाचता येणार नाही, तुम्हीच टाइप करा."

आठवडाभर त्यांनी प्रत्येक नोंद त्या-त्या पानाला जोडली. मग टाइप करताना पुन्हा पुन्हा आलेला 'ह्यांना' हा शब्द फाइलमध्ये शोधला. अकरा ठिकाणी सापडला. सगळीकडे एकच वाक्य होतं : "ह्यांना वाचून दाखवायचं."

काकूंनी कधीच वाचून दाखवलं नव्हतं. काका घरीही दुसऱ्यांचीच प्रुफं घेऊन बसलेले असायचे.

त्या दुपारी भिंतीपलीकडून मला काकांचा आवाज ऐकू आला. ते मोठ्याने वाचत होते.