डाव्या कानाचं कुणाला सांगितलं नाही

लहानपणापासून माझा डावा कान वाहायचा. सर्दी झाली की वाहायचा, विहिरीवर पोहायला गेलं की वाहायचा, आणि वाहायला लागला की वास यायचा. आई कानात कापूस कोंबायची, वरून पदर ओढायची आणि म्हणायची, "कुणाला सांगू नको गं. पोरीच्या जातीला कानाचं सांगायचं नसतं." आमच्या गावी, देवगाव रंगारीला, मला बघायला दोन स्थळं आली. दुसऱ्या स्थळाच्या बाईनं माझ्या जवळ बसून नाकाला रुमाल लावला तेव्हा मी चहाचा ट्रे तिथंच ठेवला आणि आत निघून गेले. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी मी बसले नसते. तापट म्हणा, आगाऊ म्हणा. मला आता तेच बरं वाटतं.

मग मी वाळूजला कंपनीत लागले. मशीनमधून निघालेल्या लोखंडी जॉबच्या कडांना जो बारीक धारदार कीस राहतो, त्याला आम्ही बर म्हणतो. ती कानशीनं काढायची, जॉब साफ करायचा आणि पुढं द्यायचा. नऊ वर्षं झाली. माझ्या उजव्या हाताला एक आपा उभी राहायची. वयानं मोठी, शहरातली, दोन मुलं मोठी झालेली. डबा उघडला की अर्धं कालवण माझ्या झाकणात पडायचं. मी नको म्हटलं की म्हणायची, "चुप बैठ, खा." तिच्याशी मी सगळं बोलायचे, फक्त कानाचं नाही. कानावर कायम स्कार्फ बांधलेला, आत कापूस. नऊ वर्षं एका बाईच्या शेजारी उभं राहायचं आणि हे लपवायचं, म्हणजे मोठंच काम होतं ते. पण मी करत राहिले.

मागच्या वर्षी डोकं गरगरायला लागलं तेव्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघितलं. म्हणाल्या, पडद्याला मोठं भोक आहे आणि रोग मागच्या हाडात शिरलाय. हाड पोखरून साफ करायचं, आणि डोक्याच्या कातडीखालच्या पातळ पापुद्र्याचा तुकडा घेऊन नवा पडदा बसवायचा. "वेळेत आलात," म्हणाल्या, "पण पडदा धरला पाहिजे. धरला तर कान कोरडा राहील आणि बऱ्यापैकी ऐकू येईल. नाही धरला तर सगळं परत."

धरला पाहिजे. ते दोन शब्द मी पुढचे तीन महिने जप करावा तसे म्हणत होते.

कंपनीच्या ऑफिसात साहेबांना डॉक्टरांचा कागद दिला आणि सांगितलं, लाईनवर बोलू नका. आपाला सांगितलं, "गावाकडं आई लई आजारी आहे, महिनाभर जाते." खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, याचं आता आश्चर्य वाटतं. आई ठणठणीत होती. भाऊ सहीला आला, ऑपरेशनच्या दिवशी बाकावर बसला, दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत गेला. कांदा काढायचा होता.

डोक्याभोवती पट्टा बांधलेला. तो दोन दिवसांनी काढला, आठव्या दिवशी कानामागचे टाके निघाले. कानात आतून स्पंजासारखं औषधी पॅकिंग भरलेलं, ते आपोआप विरघळणार होतं. बाहेरच्या भोकाला कापसाचा बोळा, तो रोज बदलायचा. हात धुवायचे, जुना काढायचा, लालसर पाणी आहे की पिवळं ते बघायचं, नवा हलकाच ठेवायचा. आत ढकलायचा नाही. पहिल्या दिवशी ते लाल बघून मी जमिनीवर बसले. डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर म्हणाल्या, "थोडं लालसर चालतं हो. घट्ट पिवळं आलं, ताप आला, गरगरलं किंवा तोंड वाकडं वाटलं, तर लगेच या." मी रोज आरशात तोंड बघायचे. हसून बघायचे, दात दाखवून बघायचे. रिकाम्या खोलीत एकटी बाई आरशात दात काढतेय! कुणी खिडकीतून बघितलं असतं तर वेडीच समजलं असतं.

नियम सरळ होते. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वजन उचलायचं नाही. पाण्याचा थेंबही कानात जाऊ द्यायचा नाही. सगळी धास्ती पाण्याचीच होती. तीन आठवडे डोक्यावरून अंघोळ केली नाही, ओल्या पंच्यानं टाळू पुसत राहिले. मग एक दिवस केसांची खाज सोसवेना. कापसाला व्हॅसलिन फासून कानाच्या तोंडावर बसवला, वरून स्टीलची वाटी एका हातानं दाबून धरली, आणि दुसऱ्या हातानं तांब्या. शिकेकाई लावायला तिसरा हात कुठून आणायचा? मोरीत डोकं वाकवून मी तशीच बसले, पाणी गार होत चाललेलं. आणि अचानक मला रडू आलं. पण रडलं की नाक भरतं आणि नाक शिंकरायची मनाई. म्हणजे रडायचीसुद्धा चोरी! मी तोंड उघडं ठेवून श्वास घेत बसले. अर्धे केस धुतले, अर्धे तसेच राहिले.

तेव्हा आपाला फोन लावावासा लई वाटलं. ती आली असती. रिक्षा करून आली असती, वाटी धरून बसली असती. फोन हातात घेतला आणि आठवलं, मी तर गावाकडं आहे ना. मग फोन ठेवला.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कामाचा कागद दिला. जड उचलायचं नाही, धुळीत आणि पाण्यात जायचं नाही, आवाजासाठी डाव्या कानात प्लग घालायचा नाही, वरून झाकणारा कानटोप वापरायचा. "काम कसलं असतं?" म्हणाल्या. मी म्हटलं, उभ्यानं करायचं, हातांचं. बरीचं सांगितलं, मशीन गार ठेवायचं पाणी, कूलंट, उडतं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मशीनपासून लांब उभं राहा. हवेचं मी सांगितलं नाही. लपवलं नाही हो, सुचलंच नाही. पाण्यापासून महिनाभर जपता जपता हवेचा विचार कोण करतं?

आमच्या शॉपमध्ये शिफ्ट सुटताना अंगावर हवा मारायची रीत आहे. जॉब साफ करायची जी दाबाच्या हवेची एअर गन, तीच. ॲप्रनला, स्कार्फला, केसांना बरीचा चुरा चिकटतो, तो घरी गेला की पोळीत निघतो. म्हणून एकमेकींच्या अंगावरून गन फिरवायची. भिंतीवर पाटी आहे, अंगावर हवा मारू नये. ती पाटी आम्ही पुसतो सुद्धा, हवेनंच. आणि कुणी कुणाला हवा मारायची हे ठरलेलं असतं. मी आपाला, आपा मला. नऊ वर्षं. ती मारताना खांद्यावर चापट मारून म्हणायची, "चल, साफ हुई तू."

परतल्या दिवशी आपानं मला बघितलं आणि भरल्या शॉपमध्ये गळ्यात पडली. "आई कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे. दिवसभर तिनं मला जड क्रेट उचलू दिला नाही, प्रवासानं थकलीस म्हणाली. स्कार्फखाली कापूस होता, वर कानटोप. शिफ्ट सुटली, कानटोप काढून खुंटीला अडकवला, आणि मागून, डाव्या अंगानं, मला ऐकूही आलं नाही, हवा आली.

कानात खिळा ठोकावा तशी कळ गेली. जमीन फिरली. मी वळले, तिच्या हातातली गन हिसकावली, ती फरशीवर आपटली आणि मी ओरडले, "अक्कल आहे का तुला? मारायला निघालीस का मला? हात लावू नको!" पूर्ण लाईन थांबली. आपानं दोन्ही हात मागं घेतले. ती म्हणाली, "क्या हुआ गे, मी काय केलं?" सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. बसमध्ये कापूस काढला तर त्यावर लाल ठिपका.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या सकाळी आत बघितलं, रक्त ओढून काढलं, परत आत बघितलं. मी मनात तेच दोन शब्द, धरला पाहिजे. शेवटी म्हणाल्या, "पडद्याची कड जरा उचललीय. परत थोडं पॅकिंग ठेवते. दोन आठवडे थांबू." मग माझ्याकडं बघून, "हवेचं सांगायला काय झालं होतं? आणि त्या बाईला माहीत नव्हतं का?"

मी नाही म्हटलं.

दोन आठवडे मी घरी. आपाचा फोन आला नाही. मी केला नाही. आधी राग होता, मग लाज, आणि दोन्ही गेले तरी फोन काही करवला नाही. कामावर परतले तेव्हा कळलं, तिनं साहेबांना सांगून पलीकडच्या लाईनला जागा मागून घेतली होती. माझ्या उजव्या हाताला कुणी नवीन मुलगी उभी. जेवताना मी एकटी बसले.

त्याच आठवड्यात तपासणीला गेले. डॉक्टरीणबाई बघत होत्या, आणि मग हसल्या. "धरला हो. कड बसली. अजून दोन महिने पाणी जपा, मग ऐकण्याची चाचणी करू." मी दवाखान्याच्या जिन्यावर उभी राहिले. अंगात आनंद मावत नव्हता आणि सांगायला एक माणूस नव्हतं. भावाला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं," आणि मागून कांद्याचा भाव कुणाला तरी विचारला.

दुसऱ्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये पलीकडच्या टेबलाशी, आपासमोर, जाऊन उभी राहिले. स्कार्फ काढला. कानामागची खूण दाखवली, आणि सगळं सांगितलं. लहानपणापासून वाहणारा कान, वास, ऑपरेशन, आईच्या आजाराचं खोटं, हवा, रक्त. सांगून झाल्यावर म्हटलं, "आपा, मला माफ कर."

आपानं डब्याचं झाकण लावलं.

"कान वाहतो हे मला पहिल्या महिन्यापासनं ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "वास लपतो व्हय? तुला शरम वाटू नये म्हणून मी कधी बोलले नाय. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगेल." मग थोडी थांबली. "पण तू महिनाभर गेलीस ना, तुझी आई मरायला टेकलीय म्हणून मी रोज तिच्यासाठी दुवा मागत होते. पाच वेळा. माझ्या लेकाची परीक्षा होती, त्याच्याआधी तुझ्या आईचं नाव घेत होते."

मी तिच्यासमोरच्या बाकावर बसले.

"ती बरी हाय ना?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"तर बस झालं," ती म्हणाली, डबा उचलला आणि तिच्या लाईनला गेली. परत माझ्या शेजारी ती उभी राहिली नाही.