न चुकलेली गोळी

औषधांच्या दुकानात उभं राहून राहून केस पिकलेल्या एका दुकानदाराला सगळे गोळीमास्तर म्हणत. काउंटरवर त्यांच्या हस्ताक्षरातली पाटी टांगलेली होती : ‘बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका.’ गिऱ्हाईक रिकामी स्ट्रिप घेऊन आलं की मास्तर तारीख बघत, बोटांवर हिशेब करत आणि चारचौघांत विचारत, “चार दिवस कुठे दडवलेत?” माणूस पार ओशाळून जायचा. मास्तरांची स्वतःची अकरा वर्षांत एकही गोळी चुकली नव्हती, आणि हे माहीत नसलेला माणूस त्या रस्त्यावर सापडणं कठीण होतं.

अशा माणसाला हर्निया झाला. ऑपरेशन ठरलं, तपासण्या झाल्या, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या बीपीच्या दोन गोळ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“ही मेटोप्रोलॉल ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. ती एकदम थांबवली तर हृदयाचे ठोके आणि बीपी उसळतात. आणि ही टेल्मिसार्टन त्या सकाळी घ्यायची नाही. भुलेनं रक्तवाहिन्या सैल पडतात. वर हिचा असर असला तर बीपी असं कोसळतं की नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.”

मास्तरांनी मान डोलावली. ती मान दुकानात कंपनीच्या विक्रेत्यापुढे डोलते तशी डोलली. घरी येताना ते बायकोला म्हणाले, “कालची पोर! एक गोळी घ्या म्हणे, एक नको. बीपीच्या गोळीत कधी आवडनिवड असते का?”

“अहो, त्या भूल देतात. तुम्ही खोकल्याचं औषध देता,” बायको म्हणाली. मास्तरांनी हे ऐकू न आल्यासारखं केलं. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी सहा वाजता मास्तर न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि घोटभर पाण्यात दोन्ही गोळ्या गिळल्या. अकरा वर्षांचा नेम कुणाच्या सांगण्यावरून मोडायचा नाही, एवढाच विचार होता. खरं तर पोटात भीतीही होती, पण ती त्यांनी नेमाच्या पांघरुणाखाली झाकून ठेवली.

ऑपरेशनआधी डॉक्टरबाईंनी विचारलं, “सकाळी काय घेतलंत?”

“तुम्ही सांगितलंत तेच,” मास्तर म्हणाले.

शेजारी बायको उभी होती. तिनं पर्समधून टेल्मिसार्टनची स्ट्रिप काढली. “काल रात्री मी मोजल्या तेव्हा नऊ होत्या. आता आठ आहेत.” मग नवऱ्याकडे वळून तिनं अगदी त्यांच्याच आवाजात विचारलं, “एक कुठे दडवलीत?”

परिचारिका दुसरीकडे तोंड करून हसली. मास्तरांचे कान लाल झाले. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. पुढे ढकलायचं का, यावर त्या सर्जनशी बोलल्या, सलाइन आणि बीपी चढवणारी दोन वेगळी औषधं तयार ठेवायला सांगितली, आणि मगच मास्तरांना आत घेतलं.

मास्तरांना जाग आली तेव्हा दंडावरचा पट्टा आवळत होता. पडद्यावर एकशे सत्तर.

“माझी गोळी आणा!” ते पुटपुटले.

“आधी दुखतंय का ते सांगा. आणि लघवी तुंबली आहे का?” परिचारिकेनं विचारलं. दोन्ही होतं. दुखण्याचं औषध दिलं, भांडं दिलं, आणि अर्ध्या तासात आकडा एकशे चाळीसवर आला. बीपीची एकही गोळी न देता! मास्तर त्या पडद्याकडे बघतच राहिले.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. “भूल दिल्यावर तुमचं वरचं बीपी साठवर आलं होतं. पहिल्या औषधानं हललं नाही. दुसरं हाताशी होतं म्हणून लगेच चढलं. तुमच्या बायकोनं सांगितलं नसतं, तर कारण शोधण्यात वेळ गेला असता. मेटोप्रोलॉल उद्या चालूच ठेवा. टेल्मिसार्टन कधी सुरू करायची ते उद्या बीपी बघून मी सांगेन. स्वतःहून नाही.”

त्या गेल्यावर मास्तरांनी बायकोचा हात धरला. त्यांना लाज वाटत होती, आणि आपण अजून आहोत याचा आनंदही होत होता.

“चिडलीस?”

“घाबरले होते,” ती म्हणाली. “चिडायला आता वेळ आहे.”

पंधरा दिवसांनी दुकानात मास्तरांनी पाटी खाली उतरवली आणि पहिल्या ओळीखाली नेटक्या अक्षरात लिहिलं : ‘ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.’ लांब धरून पाहिलं, समाधान झालं.

डबा द्यायला आलेल्या बायकोनं ते वाचलं, त्यांच्या हातातलं पेन घेतलं, आणि उरलेल्या जागेत आणखी एक ओळ लिहिली : ‘आणि त्यांना खरं सांगा.’

मास्तरांनी पाटी मुकाट्यानं परत टांगली.